रोज स्वप्न आठवणारी मी आणि एकही न आठवणारे हे: झोप नक्की कोणाची चांगली?

सुरसागरकाठ | रविवार, सकाळी १०.१५

आमच्या लग्नाला ३४ वर्षे झाली. या सगळ्या वर्षांत मी बहुतेक रोज सकाळच्या चहाबरोबर रात्रीचे स्वप्न सांगत आले आहे, आणि यांनी आजवर एकही सांगितलेले नाही. विचारले की उत्तर ठरलेले असते, "मला स्वप्ने पडतच नाहीत." पूर्वी मला वाटे की हे सांगायचे टाळतात, परंतु आता माझी खात्री झाली आहे की यांना खरोखरच काही आठवत नाही.

गेल्या आठवड्यात यावरून घरात चर्चा झाली. यांचे म्हणणे असे की रोज स्वप्न आठवणे हे कच्च्या झोपेचे लक्षण आहे आणि मी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. माझे म्हणणे असे की स्वप्ने सर्वांनाच पडतात आणि ज्याला एकही आठवत नाही त्याच्याच झोपेत काहीतरी कमी असले पाहिजे. मी रात्री साडेदहाला झोपते आणि सहाला उठते. हे अकराला झोपतात आणि साडेसहाच्या गजराला उठून लगेच पाण्याची मोटर लावायला खाली जातात, कारण दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत पाणी त्याच वेळी येते. दिवसा दोघांनाही थकवा नसतो. आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे?

अनंत_मांडवी | रविवार, सकाळी ११.०२

ताई, आपल्या यजमानांचे बरोबर आहे असे मला वाटते. स्वप्न पडते ते रेम झोपेत, म्हणजे पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या झोपेत. ज्याची झोप खोल असते त्याच्या वाट्याला ही झोप कमी येते, म्हणून त्याला स्वप्नेही कमी पडतात. आपल्याकडे मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगळ्या सांगितल्या आहेत, आणि ज्या झोपेत कोणतेही स्वप्न दिसत नाही तिलाच सुषुप्ती म्हटले आहे. आपले यजमान सुषुप्तीत अधिक काळ राहतात आणि आपण स्वप्नावस्थेत अधिक काळ राहता, इतकाच याचा अर्थ.

कोयलीचा_पाळीवाला | रविवार, दुपारी २.४०

माझा अनुभव वेगळा आहे. मी तीन पाळ्यांत काम करतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेचारचा गजर लावून उठतो आणि धावत बस पकडतो. त्या आठवड्यात एकही स्वप्न आठवत नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री साडेअकराला झोपून सकाळी आठपर्यंत झोपतो, आणि तेव्हा सलग चार-पाच दिवस लांबलचक स्वप्ने आठवतात. माणूस तोच आणि अंथरूणही तेच, मग कोणाला स्वप्ने पडतात आणि कोणाला पडत नाहीत असे माणसांचे दोन प्रकार कसे असतील? दुसऱ्या पाळीत रात्री उशिरा जेवतो, त्यामुळे जडपणा येऊन असे होत असावे, असा माझा अंदाज आहे.

रात्रीचा_आलेख | रविवार, रात्री ९.५०

मी २२ वर्षे झोपेच्या तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम केले. पलीकडच्या खोलीत रुग्ण झोपलेला असे आणि इकडे मी रात्रभर त्याच्या मेंदूचा, डोळ्यांचा आणि हनुवटीच्या स्नायूंचा आलेख पाहत बसे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अनंतरावांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली डोळ्यांच्या या हालचाली नोंदवल्या आणि त्या वेळी उठवलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगतात हे दाखवले. गाढ झोपेतून उठवल्यास कमी माणसे काही सांगतात, हेही खरे आहे. परंतु रेमबाहेरच्या झोपेतून उठवलेली माणसेसुद्धा पुष्कळदा काहीतरी सांगतात, त्यामुळे रेम म्हणजेच स्वप्न हे समीकरण पुढे टिकले नाही. या धाग्यापुरता मुख्य मुद्दा असा की रोज आठवणारे आणि कधीच न आठवणारे यांच्यात रेमच्या प्रमाणाचा मोठा फरक सापडलेला नाही. मला आलेखावरून कधीही सांगता आले नसते की हा माणूस सकाळी स्वप्न सांगेल आणि तो सांगणार नाही.

फरक सापडला तो दुसऱ्याच जागी. फ्रान्समधल्या लियाँ येथे पेरीन रूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास निरोगी माणसांचे दोन गट घेतले. एका गटाला आठवड्यातल्या पाच दिवस तरी स्वप्न आठवे, तर दुसऱ्याला महिन्यातून दोनदा आठवले तरी पुष्कळ. झोप लागल्यानंतर रात्रभरात जागे राहण्याचा एकूण वेळ मोजला, तेव्हा पहिल्या गटात तो सुमारे ३० मिनिटे भरला आणि दुसऱ्यात सुमारे १५ मिनिटे. २०१७ साली याच गटाने अधिक बारकाईने पाहिले, तेव्हा असे दिसले की दोन्ही गटांना जाग जवळपास सारख्याच वेळा येत होती, पण आठवणाऱ्यांची जाग लांब होती. त्यांची एक जाग सरासरी सुमारे दोन मिनिटांची होती आणि न आठवणाऱ्यांची सुमारे एका मिनिटाची.

त्यामागचे कारण असे सांगतात की झोपेतला मेंदू नवी आठवण पक्की करण्याच्या स्थितीत नसतो. रेम झोपेत तर नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन जवळजवळ बंदच असते, आणि जागेपणी लक्ष आणि स्मृती यांना याच रसायनाचा मोठा आधार असतो. स्वप्न चालू असताना ते कोठेच लिहिले जात नाही. जाग आल्यावर काही क्षण त्याचा अवशेष मनात राहतो, आणि तेवढ्या वेळात मेंदू पुरेसा जागा झाला तरच तो अवशेष स्मृतीत उतरतो. कुशीवर वळून अर्ध्या मिनिटात पुन्हा झोपलेल्या माणसाला ती जागही आठवत नाही आणि त्याआधीचे स्वप्नही आठवत नाही.

म्हणून सुरसागरकाठ ताईंना सांगतो, तुम्ही दोघेही थोडे थोडे बरोबर आहात. तुम्ही रात्री अधिक वेळ जाग्या राहत असाल, असा माझा कयास आहे. मात्र ३० मिनिटांचा तो गट निरोगी माणसांचा होता, त्यामुळे याला कच्ची झोप म्हणणे योग्य नाही.

कोयलीच्या भाऊंना सांगतो, जेवणाकडे बोट दाखवण्याआधी घड्याळाकडे पाहा. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते आणि प्रत्येक फेरीत रेमचा हिस्सा वाढत जातो. सर्वांत लांब रेम पहाटेनंतरच्या झोपेत असते. साडेचारला उठणारा माणूस नेमका तोच हिस्सा गमावतो, आणि गजरासरशी उठून धावल्यामुळे उरलेले स्वप्नही पुसले जाते.

सुरसागरकाठ | रविवार, रात्री १०.२०

मी रात्री जागी असते असे मला मुळीच वाटत नाही. एकदा डोळा लागला की सकाळीच उघडतो. हे तपासायचे कसे? आणि यांना स्वप्न पडते की नाही, हे घरच्या घरी कळू शकेल का?

रात्रीचा_आलेख | रविवार, रात्री १०.४५

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. उशाशी एक वही आणि पेन्सिल ठेवा, आणि जेव्हा केव्हा जाग येईल तेव्हा दिवा न लावता फक्त एक रेघ ओढा. घड्याळ पाहू नका, कारण त्यामुळेच जाग लांबते. जी जाग आल्यावर हात रेघेपर्यंत पोहोचला ती जाग छोटी नव्हती, एवढे त्यातून कळेल. अगदी थोडा वेळ आलेली जाग यात येणारच नाही.

साहेबांसाठी थोडे कष्ट पडतील. तुम्ही सहाला उठताच, तेव्हा त्यांच्या पापण्यांकडे पाहा. पापण्यांखाली बुबुळे हलताना दिसली की त्यांना हळू आवाजात नावाने उठवा आणि उठू न देता, कुशीही बदलू न देता एकच प्रश्न विचारा. "स्वप्न पडले का?" असे विचारू नका. स्वप्ने पडत नाहीत असे मानणारा माणूस त्यावर सवयीने "नाही" म्हणतो. "आत्ता, मी हाक मारण्याआधी, मनात काय चालले होते?" असे विचारा. प्रश्न बदलला की उत्तरे बदलतात, हे झोपेच्या संशोधकांना १९६० च्या दशकातच कळले होते. आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा अधिक उठवू नका आणि आधी त्यांची संमती घ्या.

निजामपुरा_मेधा | सोमवार, दुपारी १२.३०

माझ्या आईचे वय ७१ आहे आणि तिला अलीकडे स्वप्ने आठवत नाहीत. पूर्वी ती रोज सांगायची. हे वाचून मला भीती वाटू लागली आहे की हा स्मृती कमी होण्याचा आरंभ तर नसेल?

रात्रीचा_आलेख | सोमवार, दुपारी १.१०

मेधाताई, केवळ यावरून तसे समजू नका. वय वाढते तसे स्वप्ने आठवण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे घटते. आईंना एखादे नवे औषध सुरू झाले आहे का ते पाहा, कारण नैराश्यावरची अनेक औषधे रेम झोप कमी करतात. दिवसाच्या गोष्टी, म्हणजे दिलेले पैसे, गॅस, नेहमीचा रस्ता, यांत चूक होऊ लागली असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्या तपासणीत स्वप्नांचा प्रश्न येणारही नाही.

मकरपुरा_वैशाली | सोमवार, रात्री ८.०५

आमच्या घरचा प्रकार असा आहे की माझे सासरे, वय ६६, गेले वर्षभर पहाटे झोपेत ओरडतात, शिव्या देतात आणि हात-पाय झाडतात. एकदा सासूबाईंच्या खांद्याला जोरात लागले. सकाळी विचारले तर म्हणतात की मला काहीही दिसले नाही, शांत झोप लागली होती. सासूबाईंना वाटते की ते वाईट स्वप्न लपवतात. यावरून दोघांत बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे.

रात्रीचा_आलेख | सोमवार, रात्री ८.४०

वैशालीताई, हे कृपया लांबणीवर टाकू नका. रेम झोपेत शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातच राहतो. काही माणसांत हा लुळेपणा राहत नाही, आणि मग ती स्वप्न अंगाने करू लागतात. हे बहुधा पन्नाशीनंतर आणि रात्रीच्या उत्तरार्धात दिसते. मेंदूरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ रुग्णांत पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखा आजार दिसू लागतो. निदान रात्रभराच्या तपासणीने पक्के होते. शक्य असल्यास झोपेतल्या हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. तोपर्यंत पलंगाजवळच्या टोकदार वस्तू हलवा आणि सासूबाईंची झोपण्याची जागा वेगळी करा.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा की सासरे लपवत असतील असे मुळीच नाही. पॅरिसमध्ये इझाबेल आर्नुल्फ यांच्या गटाने २०१५ साली नेमक्या अशा रुग्णांवर लिहिले आहे. ती माणसे वर्षानुवर्षे एकही स्वप्न आठवत नसल्याचे सांगत होती आणि चित्रीकरणात मात्र झोपेत भांडताना, बोलताना, मारताना दिसत होती. त्यांच्या हालचाली स्वप्न आठवणाऱ्या रुग्णांसारख्याच होत्या. स्वप्न घडते आणि तरीही आठवत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. या धाग्याच्या मूळ प्रश्नालाही तो लागू पडतो.

अनंत_मांडवी | मंगळवार, सकाळी ७.३०

रेमच्या प्रमाणाबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो. परंतु एक शंका राहते. जाग लांबते म्हणून स्वप्न आठवते, की ज्याचे स्वप्न ठसठशीत असते त्याची जाग त्यामुळे लांबते? आपण सांगितलेल्या आकड्यांवरून दोन्ही अर्थ निघू शकतात.

रात्रीचा_आलेख | मंगळवार, सकाळी ९.००

शंका अगदी योग्य आहे, आणि आकडे तिचा निकाल लावत नाहीत. लियाँच्या गटाने झोपलेल्या माणसांना त्यांच्या नावाच्या हाका ऐकवल्या होत्या. रोज आठवणाऱ्यांच्या मेंदूचा प्रतिसाद हाकेला अधिक तीव्र होता, आणि तो झोपेतच नव्हे तर जागेपणीही अधिक होता. पुढे त्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा कानाच्या वरच्या-मागच्या बाजूचा, शंखास्थीजवळचा एक भाग या लोकांत अधिक सक्रिय दिसला. तेथे इजा झालेल्या काही रुग्णांची स्वप्ने थांबल्याचे मार्क सोम्स यांनी १९९० च्या दशकातच नोंदवले होते. म्हणजे हा भाग एकाच वेळी बाहेरच्या आवाजाकडे लक्ष वेधतो आणि स्वप्नाच्या घडणीतही भाग घेतो असे दिसते. अशा माणसाला स्वप्नेही अधिक पडत असतील आणि जागही लांब येत असेल. माझा स्वतःचा कल जाग लांबते म्हणून स्वप्न आठवते या बाजूला आहे, पण तो कल आहे, सिद्धान्त नाही.

सुरसागरकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.००

नोंदी पूर्ण झाल्या, म्हणून लिहिते.

आधी माझ्याबद्दल. २१ रात्रींपैकी १९ रात्री वहीत रेघा सापडल्या, कधी दोन, तर कधी चार. मी रात्री मुळीच जागी होत नाही, हा माझा समज पूर्ण चुकीचा निघाला. काही रेघा ओढल्याचे मला सकाळी आठवतही नव्हते. ज्या दोन रात्री एकही रेघ नव्हती त्यांतल्या एका सकाळी काही आठवले नाही, पण दुसऱ्या सकाळी मात्र चांगले लांब स्वप्न आठवले. बहुतेक वेळा जाग कशाने आली ते मला ठाऊक नाही, परंतु पहाटेच्या काकड आरतीची घंटा त्यात नक्की आहे, कारण त्या रेघा नेहमी अगदी शेवटी असतात आणि स्वप्नही त्यानंतरचेच असते. हे त्याच घंटेखाली शांत झोपलेले असतात.

आता यांच्याबद्दल. यांनी आनंदाने संमती दिली, असे म्हणता येणार नाही, पण दिली. मी तीन आठवड्यांत नऊ वेळा पापण्या हलताना पाहून उठवले. तीन वेळा यांनी "काही नाही" म्हटले. दोन वेळा म्हणाले की काहीतरी चालले होते, आत्ता होते, पण गेले. आणि चार वेळा यांनी स्वप्न सांगितले! त्यांतले एक मी तसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. हे मांडवी दरवाजाखाली उभे होते आणि यांच्या दिवंगत काकांच्या हातात आमच्या घराच्या किल्ल्या होत्या, पण काका त्या द्यायला तयार नव्हते. ३४ वर्षांत मी यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिले स्वप्न. सांगताना यांचा आवाज बदलला होता. दहा मिनिटांनी मोटर लावून वर आल्यावर मी पुन्हा विचारले, तर किल्ल्या आठवत होत्या, काका आठवत नव्हते. दुपारी जेवताना किल्ल्याही गेल्या होत्या.

उरलेल्या १२ सकाळी नेहमीसारखा गजर झाला आणि हे उठून खाली गेले. त्यांपैकी एकाही दिवशी काही आठवले नाही.

रात्रीचा_आलेख | रविवार, सकाळी ११.३०

ताई, तुमच्या नोंदींतली सर्वांत मौल्यवान ओळ किल्ल्यांची आहे. स्वप्न आठवले, सांगितले गेले, आणि तरीही अर्ध्या दिवसात पुसले गेले. सांगितलेले जर असे जाते, तर गजर बंद करून जिना उतरणाऱ्याच्या हाती काय लागणार?

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. तुम्ही सहानंतर उठवले, म्हणजे रेम सर्वाधिक असते त्याच वेळी, त्यामुळे चार हा आकडा रात्रभरासाठी धरता येणार नाही. दुसरी गोष्ट अशी की "काहीतरी होते पण गेले" या उत्तराचा अर्थ अजून वादाचा आहे. काही संशोधक त्याला विसरलेले स्वप्न समजतात, तर काहींच्या मते तो मुळातच आशय नसलेला अनुभव असू शकतो.

मूळ प्रश्नाबद्दल माझे उत्तर असे की तुमची झोप वाईट नाही आणि त्यांची अधिक चांगली आहे असेही नाही. स्वप्न आठवण्यावरून फक्त इतके कळते की जाग कोठे आणि किती लांब आली. झोप पुरते की नाही ते दिवसा ओळखायचे असते. दुपारी बसल्या जागी डोळा लागणे, मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे, यांपैकी काही असते तर मी तुम्हाला तपासणी सुचवली असती. एकच सांगतो, आठवणारा माणूस अचानक दररोज भीतिदायक स्वप्ने सांगू लागला तर जाग वाढवणारे काही नवे घडले आहे का ते पाहावे.

मकरपुरा_वैशाली | रविवार, दुपारी ४.१५

आम्ही सासऱ्यांना मेंदूरोगतज्ज्ञांकडे नेले. व्हिडिओ पाहून त्यांनी रात्रभराची तपासणी सांगितली आहे, ती पुढच्या आठवड्यात होईल. सासूबाईंना येथील उत्तर वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी दोघांनी एकत्र चहा घेतला. झोपण्याची जागा सध्या वेगळी केली आहे.

कोयलीचा_पाळीवाला | रविवार, रात्री ११.५०

उद्यापासून माझी तिसरी पाळी आहे. सकाळी सातला घरी येऊन झोपेन आणि दुपारी दोनला उठेन. रेम पहाटेनंतरच्या झोपेत जास्त असते असे आपण म्हणालात, तर दिवसाच्या या झोपेत ती आरंभालाच जास्त येईल का? तसे असेल तर मी गजर नऊला लावून पाहू का?

रात्रीचा_आलेख | सोमवार, सकाळी ६.३५

सकाळी झोपणाऱ्यांत रेम लवकर आणि अधिक येते, कारण ती झोपेच्या तासांबरोबरच शरीराच्या घड्याळावरही चालते. परंतु नऊचा गजर लावू नका. रात्रभर काम केलेल्या माणसाची झोप प्रयोगासाठी तोडू नये. दोनला उठाल तेव्हा पाच मिनिटे डोळे मिटून तसेच पडून राहा, शेवटचे काय होते तेवढेच आठवा आणि वहीत एक ओळ लिहा. आठवडाभराच्या ओळी येथे द्या, मग पहिल्या पाळीशी ताडून पाहू.